उजेडवाले आणि साखरवाले

पालकाच्या एका पानाची त्याच्या स्वतःशीच शर्यत लावायची, ही कल्पना कोमिल रजबोविच यांना सुचली. पक्षाच्या चिटणिसाला एकदा कल्पना सुचली की ती त्याच्या डोक्यातून काढणारा डॉक्टर अख्ख्या दुशान्बेत मिळत नसे.

तसं त्या सोव्हिएत काळात शहरात जो तो कुणाशी ना कुणाशी स्पर्धेत होताच. या बेकरीची त्या बेकरीशी, या ट्रॉलीबस डेपोची त्या डेपोशी. दोन सूतिकागृहांचीही एकदा लावली होती म्हणे, पण बाळांनी सहकार्य केलं नाही. जिंकणाऱ्याला लाल मखमली निशाण मिळे आणि हरणाऱ्याला भाषण. आपल्या वनस्पती-संस्थेत मात्र वर्षानुवर्षं कुणी कुणाशी स्पर्धा करत नव्हतं, आणि हे कोमिल रजबोविचना झोपू देत नव्हतं.

मग त्यांना दुसऱ्या मजल्यावरचा बोळ दिसला. बोळाच्या डाव्या हाताला सफरबेक अकांची, म्हणजे सफरबेक दादांची, प्रयोगशाळा, उजव्या हाताला सवसनची. दोन्हीकडे काम एकाच गोष्टीवर : पानातल्या हरितलवकावर, म्हणजे त्या हिरव्या दाण्यावर, जिथं पान ऊन खातं. फक्त डावीकडचे त्याचा पहिला अर्धा भाग बघत. ऊन पडलं की पाणी कसं फुटतं, त्यातून प्राणवायू कसा सुटतो, आणि त्या झटापटीत एटीपी आणि एनएडीपीएच नावाचा दारूगोळा कसा भरला जातो. उजवीकडचे बघत दुसरा अर्धा भाग. तो दारूगोळा खर्चून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करणारं केल्विन चक्र. संस्थेत सगळे त्यांना उजेडवाले आणि साखरवाले म्हणत. उजेडवाल्यांकडे दिवा होता, प्राणवायू मोजणारं यंत्र होतं, कागदावर रेघ ओढणारं पेन होतं आणि सोफा होता. साखरवाल्यांकडे खिडकी होती.

कोमिल रजबोविच यांनी सभा घेतली. "कॉम्रेड्स, एक मजला, एक बोळ, दोन प्रयोगशाळा! ही स्पर्धा नाही तर काय आहे?"

"एकच पान आहे, कोमिल रजबोविच," सवसन म्हणाली.

"छान! म्हणजे अटीही समान."

सवसनचे उस्ताद तेव्हा छातीच्या दुखण्यानं खोजा ओबिगार्मच्या आरोग्यधामात पडले होते आणि तिथून पत्रातून फक्त जेवणाविषयी लिहीत. त्यामुळे साखरवाल्यांचा कारभार सवसनवर आला होता. ती एकोणतीस वर्षांची, पामीरकडची, बोलायला तिखट, हातानं हलकी. तिचा प्रबंध निम्मा झाला होता. स्पर्धेची अट अशी ठरली की, वसंतात मॉस्कोहून तपासणीला येणाऱ्या बाईंसमोर जी प्रयोगशाळा कमी पडेल ती बंद, तिची खोली जिंकणाऱ्याला, आणि तिथली माणसं दक्षिणेला कापसाच्या केंद्रावर बोंडं तपासायला. म्हणजे सवसन, कारण उस्तादांना कोण पाठवणार? त्यांना धड बसवत नव्हतं. प्रबंध तिथं बोंडांबरोबर वाळणार हे उघड होतं.

दुसऱ्याच दिवशी सफरबेक अका शिंप्याची फीत घेऊन तिच्या खोलीत आले आणि खिडकी मोजू लागले.

"काय हो अका, कफन मापताय की पडदा?"

"पडदा गं पोरी, पडदा. माझ्या सोफ्याला इथलं ऊन सोसायचं नाही." अका पन्नाशीचे, पोट सुटलेले, मिशी कातरलेली, मनानं वाईट नव्हते. जिंकायची सवय लागलेल्या माणसाइतकेच वाईट होते. "तू मनाला लावून घेऊ नकोस. कापसाच्या केंद्रावर खरबुजं चांगली मिळतात."

स्पर्धा न्याय्य व्हावी म्हणून कोमिल रजबोविच यांनी आणखी एक नियम काढला, आणि त्या नियमानं सवसनचं कंबरडं मोडलं. दोन्ही प्रयोगशाळांना 'समान कच्चा माल' मिळायचा. पालक एकच, वाटण एकच, गाळणं एकच. वाटायचं काम उजेडवाल्यांकडे, कारण वाटण खाली बसवणारं थंड फिरकीयंत्र त्यांच्या बाजूला होतं. मग हिरव्या गाळाचा अर्धा वाटा बोळाच्या पलीकडे.

सफरबेक अका पालक असा वाटत जसा कुणाचा सूड घ्यायचाय. दुपारी, भर उन्हात खुडलेली पानं यंत्रात घालायची, घरघर घरघर, सिगारेट संपेपर्यंत. उन्हातल्या पानाच्या पोटात पिठूळ दाणे साठलेले असतात. फिरकीत घातल्यावर ते दाणे गोळीसारखे सुटतात आणि हरितलवकाचं पातळ आवरण फाडून बाहेर पडतात. अकांना त्याचं काय? त्यांना लागत होत्या फक्त आतल्या हिरव्या चकत्या. उजेड झेलायचं, पाणी फोडायचं काम त्या चकत्यांवरच चालतं, आवरण असो नसो. पण साखर होते ती चकत्यांभोवतीच्या रसात. आवरण फाटलं की रस वाहून जातो, आणि केल्विन चक्राची सगळी विकरं त्या रसाबरोबर गटारात. अकांची मदतनीस बाई तो फिकट पिवळट रस रोज बेसिनमध्ये ओतायची. सवसन ते पाहायची तेव्हा तिला वाटे, कुणीतरी तिच्या घरातली माणसं एकेक करून मोरीत सोडतंय.

मग निकाल फळ्यावर लागे. उजेडवाले : विक्रम. साखरवाले : शून्य.

"एकच पान, एकच वाटण," कोमिल रजबोविच हळहळत. "त्यांचं एवढं, तुमचं काहीच नाही? सवसन कुर्बोनोव्ना, तुमच्यात वैचारिक काही कमी आहे का?"

"माझ्यात नाही, गाळात रस कमी आहे. आवरण फाटलंय."

"ते सफरबेकचंही फाटलंय ना? तो रडतो का?"

"त्यांना लाल मीठ आहे ना रडायच्या ऐवजी!"

लाल मीठ म्हणजे फेरीसायनाइड, केशरी-लाल खड्यांचं. चकत्यांवर उजेड पडला की पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन घ्यायला समोर कुणीतरी हवं. पानात ते काम एनएडीपी करतं, आणि भरलेलं एनएडीपीएच साखरेकडं रिकामं करून पुन्हा येतं. अकांनी तो वळसाच काढून टाकला होता. लाल मीठ घातलं की ते इलेक्ट्रॉन बकाबका गिळतं, परत काही मागत नाही, काही बनवतही नाही. वर अका नवसागर टाकत, म्हणजे एटीपी बनवण्याचा जो बोजा चकत्यांवर असतो तोही उतरे. यंत्र मोकाट धावे, पेन डोंगर चढल्यासारखं वर जाई, प्राणवायूचे आकडे बघून कोमिल रजबोविच यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्या सगळ्या धावपळीतून मुंगीला पुरेल एवढी साखर निघत नव्हती.

"लग्नात चहाच्या सामोवारावर बसवलेल्या माणसासारखं आहे तुमचं, अका," एकदा चहाच्या वेळी सवसन त्यांना म्हणाली. "किटली भरायची आणि पाहुण्यांकडे न पाठवता गटारात उलटी करायची. मग म्हणायचं, बघा किती किटल्या भरल्या!"

"भरल्या की नाही पण?"

"भरल्या."

"मग झालं तर." त्यांनी बशीतला मनुका तोंडात टाकला. "पाहुणे तुझे, पोरी. त्यांचं पोट तू बघ."

शिवाय त्यांचं म्हणणं खरंच होतं, म्हणूनच तिला जास्त राग येई. त्यांच्या किटल्या आल्याशिवाय तिच्या पाहुण्यांना काही मिळणार नव्हतं. आणि तिच्याकडून रिकाम्या किटल्या परत गेल्या नाहीत तर त्यांचा सामोवार उकळत नुसता उभा राहणार. हे दोघांनाही ठाऊक होतं. फक्त एकाकडे लाल मिठाची बाटली होती.

मार्च लागला. हिसारच्या डोंगरावर बर्फ तसाच, खाली बदामांना मात्र फुलं. बाजारात बायका कोवळ्या पालकाचे ढीग लावून बसल्या. मॉस्कोच्या बाई उद्या येणार म्हणून संस्थेत जिने घासले गेले, आणि सवसन कापसाच्या केंद्रावर न्यायला लोकरीचे मोजे गुंडाळत होती, तेव्हा सफरबेक अका तिच्या दारात उभे राहिले. फीत नव्हती. मिशी खाली आली होती.

"सवसन, पोरी, चहा घेतलास का?"

चार वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. "काय झालं, अका?"

"लाल मीठ गेलं."

"कुठं गेलं?"

"ल्योवानं नेलं." ल्योवा म्हणजे संस्थेचा फोटोग्राफर. "फोटो उजळ करायला लाल मीठ लागतं त्याला. अख्खी बाटली वापरली हरामखोरानं."

"कसला एवढा फोटो?"

अकांनी दार लोटून घेतलं. "कोमिल रजबोविचचा. बाई येणार म्हणून मानाच्या फलकावर मोठा लावायचा होता. पहिला छापला तर हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. साहेब म्हणाले, ती काढ. ल्योवा उजळवत बसला, उजळवत बसला…"

"गेली का हनुवटी?"

"गेली. नाकही गेलं थोडं." अका स्टुलावर बसले. "त्यांच्यावर ओरडणार कोण? आणि उद्या माझ्या चकत्या दिव्याखाली नुसत्या बसून राहणार. घ्यायला कुणी नाही. पेन वर जायचं सोडून खालीच उतरतं, आज करून बघितलं. आहे तो प्राणवायूच चकत्या थोडा थोडा खातायत."

सवसनला हसू फुटलं, मग ते विरलं. तिनं मोजे बाजूला ठेवले. समोर हा माणूस बसला होता ज्यानं तिच्या खिडकीचा पडदा मापला होता, आणि त्याच्याकडे अख्ख्या मजल्यावरचा एकमेव दिवा होता. तिच्याकडे खिडकी होती, पण मोजायचं यंत्र नव्हतं. आवरणं शाबूत राखली तर तिच्या हरितलवकांत घेणारे होतेच, रिकाम्या किटल्या परत करणारे, आणि त्यांना चालवायला त्या दिव्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

"पानं मी निवडून आणणार," ती म्हणाली. "वाटणार मी. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

"दिवा, यंत्र, पेन तुमचं, पण कधी लावायचं, कधी बंद करायचं ते मी सांगणार."

"बरं गं."

"आणि खोली माझीच राहणार. तुम्ही बाईंसमोर सांगायचं."

सोफा अकांच्या डोळ्यांपुढून हळूहळू मावळताना सवसनला दिसला. "सांगीन," ते शेवटी म्हणाले. "पण पेन हललं तर. नाही हललं तर दोघंही बोंडं मोजू."

सकाळी उजाडता उजाडता सवसन बाजारात गेली. रात्रभराच्या अंधारात पान आपलं पीठ वापरून टाकतं, म्हणून सकाळचं पान पोटानं हलकं असतं. तिनं गावाहून आलेल्या म्हातारीच्या टोपलीतली दव असलेली पानं एकेक उचलली. म्हातारी म्हणाली, "साम्बुसात भरायला का लेकी?" "नाही मावशी, तपासणी आहे." म्हातारीनं हात जोडून तिला दोन जुड्या वर दिल्या. तपासणी म्हणजे काय ते सगळ्यांना कळत असे.

तिच्या गावाकडच्या बायका वसंतातली पहिली भाजी खुडताना एक गाणं म्हणत. तेच ती परतताना गुणगुणत होती :

हळू खूड गं, हळू खूड, पान उन्हानं झालं जड,
पोटी निजलीय सकाळ, तिची करू नको पडझड.

उजेडवाल्यांच्या खोलीत आल्यावर पानं धुऊन थोडा वेळ दिव्याखाली पसरली, म्हणजे आतलं चक्र जरा जागं होईल. मग बर्फातल्या गोड पाण्यात टाकून यंत्र सुरू केलं आणि श्वास पुरा व्हायच्या आत बंद केलं.

"एवढंच?" अका दारातून ओरडले. "अगं अर्धी पानं तशीच आहेत!"

"असू देत. जी फुटली ती नीट फुटली."

मलमलीतून गाळलं, फिरकी एकदाच, झटक्यात. खाली बसलेला गाळ तिनं लहान मुलांच्या रंगकामाच्या ब्रशानं पाण्यात मिसळला, इतका अलगद की अकांनाच अवघडल्यासारखं झालं. सूक्ष्मदर्शीखाली बघितलं. फाटकी हरितलवकं काळवंडलेली, दाणेदार दिसतात. शाबूत असतात ती काठानं चमकतात, थेंबातल्या काजव्यासारखी. आज चमकत होती. ती तशीच वाकून बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

"या बघायला."

अकांनी डोळा लावला. "मी असली कधी बघितलीच नाहीत," ते म्हणाले, आणि लगेच, "तशी गरजही पडली नाही म्हणा."

मॉस्कोच्या बाई अंतोनिना व्लासोव्ना सडपातळ, पांढऱ्या केसांच्या. बाकी तपासनीस येत ते पुलाव खाऊन जात, या बाईंनी पुलाव खाल्ला आणि तरीही प्रयोग बघायला आल्या. मागे कोमिल रजबोविच, छातीवर पदकं. खाली फलकावर त्यांचाच चेहरा नाकाविना चमकत होता. बाईंनी त्यासमोर थांबून विचारलं होतं, "हे दिवंगत कोण?"

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

काचेच्या छोट्या पेल्यात हिरवं पाणी, त्यात ढवळणारा चुंबक. सवसननं सोड्याचं पाणी थेंबभर टाकलं.

"हे काय घातलंत?" कोमिल रजबोविच.

"खायचा सोडा."

"नान फुगवायचा?"

"तोच. त्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो. दिवा, अका."

दिवा लागला. पेल्यातलं हिरवं पेटल्यासारखं उजळलं. पेन कागदावर टेकलं आणि सरळ, अगदी सरळ रेघ ओढत राहिलं. खाली नाही, वर नाही.

कुणी खोकलं. रेघ सरळ.

"हलत नाही," कोमिल रजबोविच कुजबुजले.

"हलेल."

अकांच्या कपाळावर घाम आला. ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "सवसन, नवसागर टाकतो जरासा. ओझं उतरलं की चाकं फिरतील…"

त्यांचा हात बाटलीकडे गेलाच होता. सवसननं तो सगळ्यांसमोर फटकन मारून खाली पाडला. "ओझं उतरवलंत तर एटीपी होणार नाही. एटीपी नाही तर माझं चक्र मेलं. चक्र मेलं तर तुमचे इलेक्ट्रॉन घेणारं कुणी नाही. मग आपण दोघं मेलो. हात खिशात ठेवा."

"खिशात ठेवा हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण चेहरा तसाच. "तरुणीबाई, मी का थांबायचं ते मला सांगा. की तुम्हीही फक्त आशेवर आहात?"

सवसन बाईंकडे न बघता पेनकडे बघत बोलली. "दही लावताना विरजण लागतं. चक्राचंही तसंच आहे. कार्बन डायऑक्साइड पकडायला आधी जी साखर तयार लागते, ती चक्र स्वतःच करतं. वाटताना तिचा साठा गळून गेलाय, थोडंसंच उरलंय. ते फिरतं, थोडं जास्त बनवतं, ते जास्तीचं पुन्हा आत घालतं. आत्ता पेल्यात तेच चाललंय. शिवाय चक्रातली काही विकरं अंधारात झोपलेली असतात, उजेडवाल्यांकडून निरोप आला की उठतात. अकांचा दिवा नुसता किटल्या भरत नाही, माझ्या माणसांना अंथरुणातूनही काढतो."

"ऐकलंत?" अका कोमिल रजबोविचना म्हणाले, घाम पुसत. "अंथरुणातून काढतो."

कागदावर सरळ रेघ. बाहेर कबुतरं गुटर्र करत होती. सवसनला वाटलं ब्रश जास्त दाबला गेला असेल, पाणी जास्त झालं असेल, त्या काजव्यांना आत्ताच काही झालं असेल. बोंडं. खरबुजं.

मग पेन जरासं तिरकं झालं.

इतकं जरासं की कोमिल रजबोविच यांना दिसलंच नाही. अकांना दिसलं. त्यांनी तिचं कोपर घट्ट धरलं. रेघ वाकली, वाकत उभी राहू लागली आणि मग एका चालीनं, घाईशिवाय, कुणी पाठीशी न लागता चढायला लागली. लाल मिठाच्या डोंगराहून उतार कमी होता. पण हा प्राणवायू फुकटचा नव्हता, याच्या मागे कुठेतरी साखर होत होती.

"बंद करा," बाई म्हणाल्या.

सवसननं मान डोलावली, अकांनी दिवा मालवला. पेन थबकलं आणि सरळ झालं.

"अंधारात तुमची साखरही थांबली असेल?"

"लगेच थोडी होते, हातातला माल संपेपर्यंत. मग दुकान बंद."

"आता दुसरा पेला. सोड्याशिवाय."

दुसरा पेला आला. दिवा लागला, तोच, तेवढाच प्रखर. पाण्यात होता तेवढ्या चिमूटभर वायूवर पेन थोडं वर गेलं, मग दमून आडवं पडलं. दिवा जळत होता. पेल्यातलं हिरवं झगमगत होतं. काहीही होत नव्हतं.

"हे माझं," सफरबेक अका म्हणाले. आवाज अगदी खाली. "माझ्या सगळ्या किटल्या भरून उभ्यात. न्यायला कुणी नाही." मग ते बाईंकडे वळले. "अंतोनिना व्लासोव्ना, माझे विक्रम त्या लाल मिठाचे होते. हिची खोली हिच्याकडेच राहू द्या. मला तिथं फक्त सोफा ठेवायचा होता."

बाईंनी चष्मा काढला. "कोमिल रजबोविच, तुमच्या स्पर्धेचा निकाल मला मॉस्कोत सांगायचाय. कोण जिंकलं?"

कोमिल रजबोविच यांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. "दिव्याशिवाय… हे शून्य," ते म्हणाले. "सोड्याशिवाय… तेही शून्य." त्यांना ऊन लागल्यासारखं झालं. "म्हणजे बरोबरी? शून्य-शून्य?"

"यातली कुठली प्रयोगशाळा बंद करू?"

ते बरंच बोलू शकत होते, पण बाई वाट बघत होत्या, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य लहान केलं. "कुठलीच नको."

निशाणाचं काय करायचं यावर संध्याकाळपर्यंत खल झाला. शेवटी ते स्वयंपाकघराला दिलं, पुलावासाठी. आचाऱ्यानं ते कढईवर झाकायला वापरलं.

सवसननं केंद्रावर जायचे मोजे सोडवून पायात घातले, कारण तिच्या खोलीत अजूनही थंडी होती. उस्तादांना तिनं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आरोग्यधामातलं सूप पातळ आहे.

आता प्रश्न उरला दिव्याचा. रोजची हरितलवकं सवसन वाटणार, दिवा अकांचा, मग यंत्र कुणाच्या खोलीत? आठवडाभर भांडण चाललं.

"दिवा डावीकडेच राहील," अका म्हणत. "तो माझा आहे, जन्मापासून."

"मग हरितलवकं बर्फातून बोळापलीकडे चालत येणार का? वाटेत मरतील!"

"चालवत आण. हळू आण. ब्रशानं आण."

"तुमचा सोफा मला द्या म्हणत नाही, दिवा द्या."

"सोफा घे! दिवा नाही!"

शेवटी दोघांनी मिळून यंत्र उचललं आणि बोळाच्या बरोब्बर मधोमध ठेवलं, ना डावीकडे ना उजवीकडे. एका बाजूनं अका वाकतात, दुसऱ्या बाजूनं सवसन. वायरवरून येणारे-जाणारे अडखळतात. कोमिल रजबोविच यांची खोली बोळाच्या टोकाला आहे. त्यांना रोज सकाळी पोट आत ओढून, पाठ भिंतीला घासत, बाजूबाजूनं सरकत तिथवर जावं लागतं. अर्ध्या वाटेत ते दरवेळी विचारतात, "हे हलवता नाही का येणार?" आणि दोघंही पेल्यावरून मान न उचलता एकदमच म्हणतात, "नाही."